एकतीस तारखेचे दूध : प्रस्तावना

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या गावोगावच्या दूध संस्थांत दुधाचे बिल साधारणपणे महिन्यातून तीनदा निघते. पहिले १ ते १० तारखेचे, दुसरे ११ ते २० चे, तिसरे २१ पासून महिनाअखेरचे. घरोघरी या पैशाला दुधाचा पगार म्हणतात. पेंडीची उधारी, किराणा, पोरांची फी, बचत गटाचा हप्ता हे सगळे त्याच्यावर चालते. पहिल्या दोन पगारांचे दिवस ठरलेले, दहा-दहा. तिसरा मात्र महिन्यागणिक बदलतो. फेब्रुवारीत तो आठ किंवा नऊ दिवसांचा असतो, एप्रिल-जूनमध्ये दहा दिवसांचा आणि मार्च-मेमध्ये अकरा दिवसांचा. हे पुस्तक त्या अकराव्या दिवसाबद्दल आहे. संगणकाच्या हिशेबातून ३१ तारीख कशी गळते, गळलेली का दिसत नाही आणि ती धरून ठेवण्यासाठी काय करावे लागते, एवढाच त्याचा विषय आहे.

एक उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत सोडवू. समजा, वाळवा तालुक्यातल्या एका संस्थेत संकलनाचे यंत्र बसवले आहे. सभासद किटली घेऊन येतो, काट्यावर दूध मोजले जाते, फॅट आणि एसएनएफ निघते, दर ठरतो आणि पावती छापली जाते. त्याच क्षणी संगणकात एक नोंद होते : सभासद क्रमांक, लिटर, फॅट, दर आणि वेळ. वेळ म्हणजे नुसती तारीख नव्हे, तर तास, मिनिट, सेकंदासह. आता २१ ते ३१ मार्च २०२५ चे बिल काढायचे आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने असे लिहिले :

```sql
SELECT sabhasad, SUM(litre)
FROM sankalan
WHERE vel BETWEEN '2025-03-21' AND '2025-03-31'
GROUP BY sabhasad;
```

वाचणाऱ्याला यात काही खटकत नाही. एकवीस ते एकतीस, अकरा दिवस, बावीस पाळ्या. `BETWEEN` दोन्ही टोके धरते हेही खरे आहे. अडचण टोक कुठे आहे यात आहे. `vel` या रकान्यात वेळ आहे, म्हणून डेटाबेस समोरच्या `'2025-03-31'` लाही वेळ जोडून घेतो आणि ती वेळ असते 00:00:00. म्हणजे ३० तारखेची रात्र संपून ३१ सुरू होते तो एक क्षण. त्या क्षणी कोणी दूध घालत नाही. सकाळी पावणेसहाला आलेले दूध त्या टोकाच्या पुढचे, संध्याकाळी सव्वासहाचे तर आणखी पुढचे. दोन्ही पाळ्या बिलाबाहेर राहतात.

एका सभासदाचा हिशेब करून पाहू. तो पाळीला ६ लिटर दूध घालतो आणि दर सरासरी ३२ रुपये धरला आहे. बावीस पाळ्यांचे दूध १३२ लिटर, रक्कम ४,२२४ रुपये. बिलात मात्र वीस पाळ्यांचे १२० लिटर आणि ३,८४० रुपये येतात. तफावत ३८४ रुपयांची. पुढचे बिल १ एप्रिलपासून सुरू होत असल्याने हे १२ लिटर त्यातही येत नाहीत. यंत्राने मोजलेले, पावती निघालेले, टँकरमधून संघाकडे गेलेले दूध कोणत्याच बिलात नसते. ते उशिरा मिळेल अशीही सोय नसते, कारण त्या दिवसाकडे कोणतीही क्वेरी परत जात नाही.

ही चूक पहिल्याच महिन्यात पकडली जाईल असे वाटते, पण तसे होत नाही आणि त्याची कारणे या विषयाच्या गाभ्याशी आहेत. पहिले कारण तिसऱ्या पगाराच्या लांबीत आहे. अकरा दिवसांतून एक गेला की दहा उरतात. बिलावर दहा दिवस, वीस पाळ्या दिसतात, अगदी आधीच्या दोन बिलांसारख्या. सचिवाची नजर मागच्या बिलाशी तुलना करायला सरावलेली असते आणि ती तुलना समाधानकारक निघते. पहिल्या दहा दिवसांत हीच चूक झाली असती तर बिलात नऊ दिवस दिसून दहाव्या दिवशी संध्याकाळीच ओरड झाली असती. प्रोग्रॅममध्येही बरेचदा असेच घडते. पहिल्या दोन बिलांचा शेवट पुढच्या बिलाच्या आरंभावरून, ११ आणि २१ वरून, नीट काढलेला असतो. महिनाअखेर किती तारखेला येते हे मात्र आधी माहीत नसते, म्हणून तेवढ्यासाठी `LAST_DAY` किंवा `EOMONTH` असे तयार फंक्शन वापरले जाते. ते शेवटची तारीख देते आणि ती तारीख तुलनेला बसली की पुन्हा मध्यरात्रीच्या त्या क्षणावर येऊन थांबते.

दुसरे कारण अधिक फसवे आहे. वीज गेली की संकलन वहीत लिहितात आणि नंतर संगणकात भरतात. हाताने भरलेल्या अशा नोंदीत वेळ नसते, फक्त तारीख असते आणि डेटाबेस तिला 00:00:00 वर ठेवतो. म्हणजे ३१ तारखेची हाताने भरलेली नोंद नेमकी टोकावर बसते आणि बिलात येते. यंत्रातून आलेली नोंद येत नाही. एकाच गल्लीतल्या दोन सभासदांपैकी एकाला ३१ तारखेचे पैसे मिळतात, दुसऱ्याला नाही. तक्रार आली की सचिव संगणकात पाहतो, ३१ तारखेच्या काही नोंदी बिलात दिसतात, आणि दोष यंत्राचा किंवा सभासदाच्या आठवणीचा ठरतो. प्रोग्रॅम तपासतानाही तेच होते. चाचणीसाठी दहा-वीस नोंदी हाताने भरल्या जातात, नुसत्या तारखेच्या, आणि त्या सगळ्या बरोबर मोजल्या जातात. चाचणी पास होते ती नेमकी त्या नोंदींवर, ज्यांना हा दोष लागतच नाही.

मासिक अहवालात तर दोष आणखी खोल दडतो. एकतीस दिवसांतला एक दिवस म्हणजे सव्वातीन टक्क्यांच्या आत-बाहेर. दुधात एवढा चढउतार ऋतूनेही होतो. मात्र काही हिशेबांत महिन्याचा शेवटचा दिवस इतर दिवसांसारखा नसतो. पतसंस्था, विकास सोसायट्या, जिल्हा बँका यांचे वर्ष ३१ मार्चला संपते. मार्चअखेरची वसुली, ठेवींच्या पावत्या, थकबाकी भरून खाते नवे-जुने करणे, हे त्या दिवशी रात्रीपर्यंत चालते. तिथे एक दिवस गळणे म्हणजे वर्षातला सगळ्यात जड दिवस गळणे. कर्जदाराने ३१ मार्चला दुपारी पैसे भरले, पावती घेतली, आणि अहवालात तो थकबाकीदार राहिला, ही या चुकीची सर्वांत क्लेशदायक जागा आहे. मुदतीत फेड करणाऱ्याला मिळणारी व्याजाची सवलत त्याच यादीवरून ठरते.

ही गोष्ट कागदावरच्या हिशेबात का होत नव्हती, हे समजले की विषयाचा नकाशा हाती येतो. रोजकीर्दीत दिवस म्हणजे एक पान. आरंभीची शिल्लक वर, अखेरची शिल्लक खाली, आणि मधले सगळे त्या तारखेचे. नोंदीला वेळ नसायचीच. त्यामुळे ‘२१ ते ३१’ म्हटले की एकतिसावे पान पूर्ण आत यायचे, अर्धे येण्याचा प्रश्नच नव्हता. तारीख हा एक पट्टा होता, ज्याला सुरुवात आणि शेवट होता. संगणकाच्या वेळेच्या रकान्यात तीच तारीख एक बिंदू होते, पट्ट्याच्या सुरुवातीचा. आरंभाच्या बाजूला याने काही बिघडत नाही, कारण २१ तारखेचा बिंदू २१ तारखेच्या सुरुवातीलाच असतो. शेवटच्या बाजूला मात्र पूर्ण दिवस बिंदूच्या पलीकडे राहतो. म्हणून ही चूक नेहमी एकाच टोकाला होते.

दिवसाला टोके कुठे द्यायची, याबद्दल आपल्याकडे अनेक पद्धती एकाच वेळी चालत आल्या आहेत. पंचांगात वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत धरतात. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणजे महाबळेश्वरला १ जुलैच्या नावे नोंदलेल्या पावसात ३० जूनच्या दिवसाचा आणि रात्रीचा पाऊस असतो. जूनची बेरीज करताना हा नियम माहीत नसेल तर धुवाधार कोसळलेला ३० जून आकड्यांत सापडत नाही आणि शोधणारा विनाकारण डेटाबेसला दोष देतो. कायद्याची पद्धत आणखी निराळी आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम ९ प्रमाणे मुदतीचा पहिला दिवस वगळण्यासाठी ‘पासून’ आणि शेवटचा धरण्यासाठी ‘पर्यंत’ या अर्थाचे शब्द वापरणे पुरेसे असते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात उसाचे पैसे पोच झाल्यापासून चौदा दिवसांत देणे बंधनकारक आहे आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज आहे. १७ जानेवारीला ऊस पोचला तर १८ हा पहिला दिवस, ३१ जानेवारी हा चौदावा, आणि तो दिवस पूर्ण मुदतीत. आता ३१ तारखेला दुपारी तीनला बँकेत पैसे जमा झाले आणि अहवालात ‘भरणा `<= '2026-01-31'`’ अशी अट असली, तर वेळेत दिलेले पैसे उशिराचे ठरतात. दुधाच्या बिलात शेतकऱ्याचे नुकसान करणारी चूक इथे कारखान्यावर उलटते. दोष तोच आहे.

संगणकाच्या बाजूचा इतिहास थोडक्यात सांगतो. एसक्यूएल या भाषेचे पहिले प्रमाण १९८६ चे. `BETWEEN` त्यात होते, पण तारीख आणि वेळ यांचे प्रकार प्रमाणात आले ते १९९२ च्या आवृत्तीत. म्हणजे `BETWEEN` आकडे आणि अक्षरांसाठी आधी तयार झाले होते. पाच ते दहा म्हटले की दहा हा आकडा पूर्ण आत येतो, त्याच्या पुढे सव्वादहा नाही असे गृहीत धरलेले असते. वेळेसारख्या अखंड वाहणाऱ्या राशीला तेच माप लावले गेले आणि हा सगळा गोंधळ त्या जोडणीतून आला. भर म्हणून निरनिराळ्या डेटाबेसनी नावांचीही गल्लत केली. ओरॅकलमध्ये `DATE` या प्रकारात वेळही असते. त्याचे `LAST_DAY` दिलेल्या तारखेची वेळ तशीच पुढे ठेवते, म्हणून सकाळी अकराला काढलेल्या बिलात ३१ तारखेची सकाळची पाळी येते आणि संध्याकाळची येत नाही. संध्याकाळी आठला काढले तर दोन्ही येतात. काढण्याच्या वेळेवर उत्तर बदलणारे बिल कोणाचाच विश्वास टिकवू शकत नाही.

यावर गेल्या चार दशकांत जे उपाय रुजले, त्यांचे मी चार पंथ मानतो. पहिला पंथ शेवटच्या दिवसाच्या अखेरच्या सेकंदापर्यंत जाणाऱ्यांचा. ते `'2025-03-31 23:59:59'` लिहितात. दूध संकलनाला हे बहुधा पुरते, कारण मध्यरात्री दूध येत नाही. पण सेकंदाचे अंश साठवणाऱ्या रकान्यात शेवटच्या सेकंदातली नोंद निसटते. म्हणून कोणी पुढे `.999` जोडतो. एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या `datetime` प्रकारात सेकंदाचे अंश .000, .003 आणि .007 एवढ्याच टप्प्यांवर राहतात, त्यामुळे 23:59:59.999 ची वेळ पुढे सरकून १ एप्रिलची मध्यरात्र होते. मध्यरात्री आपोआप पडणाऱ्या व्याजाच्या नोंदी मग मार्चमध्येही येतात आणि एप्रिलमध्येही. रकान्याचा प्रकार बदलला की ज्याचा अर्थ बदलतो, असा हा उपाय आहे. मी तो कोणाला सुचवत नाही.

दुसरा पंथ `BETWEEN` तसेच ठेवून शेवट एका दिवसाने पुढे नेणाऱ्यांचा : २१ मार्च ते १ एप्रिल. याने ३१ तारीख परत मिळते, पण १ एप्रिलचा मध्यरात्रीचा बिंदूही आत येतो. आणि त्या बिंदूवर कोण बसलेले असते, हे आपण पाहिले आहे. १ एप्रिलच्या हाताने भरलेल्या सगळ्या नोंदी दोन बिलांत मोजल्या जातात. गळती थांबून दुबार भरणा सुरू होतो, आणि दुबार मिळालेल्या पैशाची तक्रार घेऊन सहसा कोणी येत नाही.

तिसरा पंथ वेळ छाटून तुलना करणाऱ्यांचा. `DATE(vel) BETWEEN '2025-03-21' AND '2025-03-31'` असे लिहिले की पट्टा पुन्हा पट्टा होतो आणि उत्तर बरोबर येते. छोट्या संस्थेला हे खुशाल वापरता येते. त्याची मर्यादा वेगाची आहे. रकान्याभोवती फंक्शन घातले की बहुतेक डेटाबेसना त्या रकान्याचा साधा इंडेक्स वापरता येत नाही आणि प्रत्येक नोंद तपासावी लागते. काही लाख नोंदींच्या संघाच्या पातळीवर बिल काढताना हे जाणवू लागते.

चौथा पंथ अर्ध्या-उघड्या पट्ट्याचा. आरंभ धरायचा, शेवट म्हणून पुढच्या पट्ट्याचा आरंभ घ्यायचा आणि तो वगळायचा :

```sql
WHERE vel >= '2025-03-21'
  AND vel <  '2025-04-01'
```

याच्या पाठीमागचा युक्तिवाद एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी ११ ऑगस्ट १९८२ च्या एका छोट्या टिपणात मांडला आहे. क्रमांक शून्यापासून का सुरू व्हावेत हे सांगताना त्यांनी पट्टा लिहिण्याच्या चारही रीती तपासल्या आणि आरंभ धरणारी, शेवट वगळणारी रीत निवडली. त्यांच्या कारणांपैकी दोन आपल्या कामाची आहेत. दोन टोकांची वजाबाकी म्हणजेच पट्ट्याची लांबी, इथे अकरा दिवस. आणि एक पट्टा जिथे संपतो तिथेच दुसरा सुरू होतो, मध्ये फट राहत नाही आणि एकावर एक चढतही नाही. एसक्यूएलच्या २०११ च्या प्रमाणात कालावधीची जी व्याख्या आली ती याच रीतीची आहे. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २०१२ पासून असलेला तारखांचा पट्टा हाही प्रकार अंतर्गत याच रूपात ठेवला जातो. मी या पंथाचा आहे. पुढचा महिना कधी सुरू होतो हे नेहमी ठाऊक असते. तो नेहमी एक तारखेलाच सुरू होतो, चालू महिना अठ्ठावीसचा असो की एकतीसचा.

पण अर्धा-उघडा पट्टा लिहिला म्हणजे काम संपले असे समजणाऱ्यांसाठी या भागात एक खास सापळा आहे आणि तो सकाळच्या पाळीत आहे. अलीकडे अनेक प्रोग्रॅम दूरच्या सर्व्हरवर चालतात आणि वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवतात. आपले घड्याळ तिच्यापुढे साडेपाच तास. १ एप्रिलला पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी घातलेले दूध तिथे ३१ मार्च, 23:50 असे नोंदले जाते. बिलाचे टोक तिथल्या मध्यरात्री ठेवले तर साडेपाचच्या आधी येणाऱ्यांचे दूध मागच्या बिलात जाते आणि साडेपाचनंतरच्यांचे पुढच्या. संध्याकाळच्या पाळीला काहीच होत नाही. लक्षण ओळखण्याची खूण हीच : फरक फक्त पगाराच्या सीमेवरच्या सकाळी दिसतो आणि तोही लवकर येणाऱ्या सभासदांच्याच खात्यात. टोक तिथल्या भाषेत `2025-03-31 18:30:00` असायला हवे, तेव्हा आपल्याकडे १ एप्रिलची मध्यरात्र झालेली असते.

म्हणून हिशेबाची तारीख आणि घड्याळाची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी मानाव्यात, असे माझे ठाम मत झाले आहे. चांगल्या संकलन प्रोग्रॅममध्ये तारखेचा निव्वळ रकाना आणि पाळीचा रकाना वेगळा असतो आणि बिल त्यावरूनच निघते. घड्याळाची वेळ भांडण सोडवण्यासाठी शेजारी राहते. निव्वळ तारखेच्या रकान्यावर `BETWEEN` पूर्ण निर्धोक आहे, कारण तिथे ३१ च्या पुढे ३१ चे काही उरतच नाही. उसाच्या काट्यावर याची गरज अधिक भासते. भरलेली गाडी ३१ डिसेंबरला रात्री पावणेबाराला काट्यावर चढते, गव्हाणीत ऊस उतरवून रिकामी गाडी साडेबाराला परत वजनाला येते. निव्वळ वजन दुसऱ्या वेळी ठरते, ऊस पहिल्या वेळी आलेला असतो, आणि मधल्या वेळेत पंधरवडा संपून वर्षही बदललेले असते. १६ ते ३१ च्या बिलात ही खेप धरायची की १ ते १५ च्या, हे कोणतीही क्वेरी ठरवू शकत नाही. ते कारखान्याने आधी ठरवून खेपेच्या नोंदीत तारीख म्हणून लिहावे लागते.

चूक आहे की नाही हे ओळखण्याची रीत मात्र सोपी आहे आणि ती प्रोग्रॅम न वाचताही करता येते. बिलात आलेल्या नोंदी दिवसवार मोजाव्यात. रोज दीडशेच्या आसपास नोंदी असताना शेवटच्या दिवशी शून्य किंवा चार-पाच दिसल्या की निदान झाले, कारण त्या चार-पाच हाताने भरलेल्या निघतील. दुसरी रीत बेरजांची आहे. बारा महिन्यांचे अहवाल एकत्र करावेत आणि त्याच प्रोग्रॅममधून १ एप्रिल ते ३१ मार्च असा वर्षाचा एकच अहवाल काढावा. दोष असेल तर महिन्यांच्या बेरजेत बारा दिवस कमी असतात आणि वर्षाच्या अहवालात फक्त एक, म्हणून दोन बेरजा जुळत नाहीत. फरक अकरा महिनाअखेरींचा असतो. तिसरी रीत संस्थेच्या सचिवाला हातासरशी करता येईल अशी आहे. सभासदांकडून घेतलेले दूध आणि संघाला टँकरने पाठवलेले दूध यांत थोडी घट-वाढ रोजचीच. पण ३१ तारखेच्या महिन्यांत तिसऱ्या बिलाला दर वेळी साधारण एका दिवसाच्या दुधाएवढी वाढ दिसली, तर ती वाढ सभासदांच्या न मोजलेल्या दुधाची आहे.

हे पुस्तक आत्ता लिहिण्याचे कारण या जिल्ह्यांतच आहे. कागदी वह्या झपाट्याने जात आहेत. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली आणि विकास सोसायट्यांचे जमाखर्च एका सामायिक प्रणालीवर जाऊ लागले. राज्य सरकारने २०२४ मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपयांचे अनुदान दिले, ते संकलनाच्या ऑनलाइन माहितीवरून थेट शेतकऱ्याच्या खात्यात. वहीच्या काळात सचिवाचा डोळा पानावर फिरत असे आणि कोरे पान लगेच दिसे. आता संकलन, बिल, अनुदान, कर्जवसुली असे एकाच नोंदीचे चार-चार उपयोग होतात आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी निराळ्याने लिहिलेली तारखेची अट असते. संस्थेच्या बिलात ३१ तारीख धरलेली आणि अनुदानाच्या यादीत गळलेली, असेही घडू शकते. सभासदाकडे त्याच्या विरोधात एकच पुरावा उरतो : यंत्रातून निघालेली पावती, जिची शाई काही महिन्यांत उडून जाते.

पुस्तक दोन प्रकारच्या वाचकांना समोर ठेवून लिहिले आहे. पहिला वाचक कऱ्हाड, विटा, ईश्वरपूर, फलटणसारख्या गावांतून संस्थांसाठी प्रोग्रॅम लिहिणारा तरुण, ज्याने एसक्यूएल शिकले आहे पण ज्याला दुधाचे बिल किंवा उसाचा पंधरवडा कोणी शिकवलेला नाही. दुसरा वाचक संस्थेचा सचिव किंवा तपासनीस, ज्याला हिशेब येतो पण संगणकाच्या आत काय चालते ते सांगणारे कोणी नाही. दोघांनी एकमेकांची प्रकरणे वाचावीत अशी रचना मुद्दाम ठेवली आहे. प्रत्येक प्रकरणात एक हिशेब आहे, त्याची कागदावरची रीत आहे, चुकीची क्वेरी आणि तिने दिलेला आकडा आहे, आणि तो आकडा चुकीचा असल्याची खूण कुठे सापडते ते आहे. दुरुस्ती शेवटी येते. नमुन्याच्या नोंदींत हाताने भरलेल्या, यंत्रातून आलेल्या आणि मध्यरात्रीच्या अलीकडे-पलीकडे पडणाऱ्या अशा तिन्ही जाती मिसळून ठेवल्या आहेत, कारण एकाच जातीच्या नोंदींवर घेतलेली चाचणी काय लपवते ते वर आलेच आहे.

काही गोष्टी या पुस्तकात नाहीत. तिथीवर चालणारे हिशेब, अधिक महिना आणि जत्रा-उरुसांच्या वर्गणीच्या वह्या यांचा कालविचार स्वतंत्र पुस्तकाएवढा आहे. घड्याळ वर्षातून दोनदा पुढे-मागे करणाऱ्या देशांतला प्रश्नही सोडला आहे. परदेशी ग्राहकांसाठी काम करणाऱ्यांना तो भेटेल, आपल्या दोन जिल्ह्यांच्या वेळेत तो उद्भवत नाही. आणि मागच्या वर्षांत गळून गेलेल्या दिवसांचे पैसे कसे परत करायचे, याबद्दल फक्त मोजण्याची रीत दिली आहे. जुन्या नोंदींवर दुरुस्त केलेली क्वेरी चालवली की प्रत्येक सभासदाच्या नावासमोर फरकाची रक्कम निघते. ती कोणत्या खात्यातून द्यायची, याचा निर्णय संचालक मंडळाचा आणि लेखापरीक्षकाचा आहे. त्यांच्यापुढे ठेवायची यादी मात्र चौथ्या पंथाच्या त्या दोन ओळींनी एका दुपारी तयार होते.